साहेब निघाले, आता माइकवर काय बोलायचं?

३१ मे जवळ आलाय. ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे त्यांना या तारखेचं महत्त्व सांगायला नको. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे १ जून लिहिलेली पिढी आता निवृत्त होतेय. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, असा नियम आहे. त्यामुळे ३१ मे रोजी एकेका कार्यालयात दोन-दोन, तीन-तीन निरोप समारंभ असतात. शिवाय एप्रिल-मे हा बदल्यांचाही हंगाम. पंचायत समिती, तहसील, पोलीस ठाणे, झेडपीची शाळा, सगळीकडे शाल, श्रीफळ, बुके आणि भाषणं.

या समारंभांच्या बातम्या मी वीसेक वर्षं करतोय. 'भावपूर्ण निरोप' हे हेडिंग किती वेळा दिलं त्याचा हिशोब नाही. खरं सांगायचं तर, बहुतेक भाषणं दोनच प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय'. हे भाषण कुणाच्याही निरोपाला चालतं, फक्त नाव बदलायचं. दुसऱ्या प्रकारात बोलणारा रडतो आणि साहेबांच्या घरातलं, दुखण्यातलं, संसारातलं सगळं माइकवर मांडतो. पहिल्यात माणूस दिसतच नाही. दुसऱ्यात नको तेवढा दिसतो.

बरोबरीच्या माणसाला निरोप देताना हा प्रश्न येत नाही. तिथं चेष्टा चालते, 'तू' चालतं, गळ्यात पडणं चालतं. पण आपल्या हाताखालच्याला आणि आपल्या वरच्याला निरोप देणं यात फरक आहे. वरच्याबद्दल आपण जे बोलू ते ऐकणारे लोक एक गोष्ट मनात ठेवून ऐकतात, ती म्हणजे या माणसाच्या हातात आपलं काय काय होतं. रजा, टेबल, गोपनीय अहवाल. म्हणून कनिष्ठानं किती वैयक्तिक बोलावं हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत काम करणाऱ्या एका महसूल सहायक ताईंनी मला भाषणाचा मसुदा पाठवला होता. त्यांच्या नायब तहसीलदार मॅडम निवृत्त होणार होत्या. तीन वर्षं सोबत काम झालेलं. 'दादा, पेपरात येईल असं नीट करून द्या' एवढंच म्हणणं. त्यांना विचारूनच लिहितोय, आणि ओळख लागेल असं काही ठेवलेलं नाही.

मसुद्यात चार गोष्टी होत्या. 'मॅडम मला आईसारख्या होत्या.' 'माझ्या बाळंतपणानंतर रजा शिल्लक नसतानाही मॅडमनी मला सांभाळून घेतलं, हजेरीचं बघून घेतलं.' 'साहेब गेल्यावर मॅडम आतून खचल्या होत्या, पण कुणाला कळू दिलं नाही.' आणि चौथी, सगळ्यात शेवटी आणि एका ओळीत, 'म्हाताऱ्या माणसांना मॅडम खुर्ची द्यायला लावायच्या.'

दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण धोका तिथंच आहे. ताईंच्या मनात निखळ कृतज्ञता होती. पण समारंभात बसलेल्या माणसानं ते वाक्य कसं ऐकलं असतं? रजा नसताना हजेरी लागली, आणि ती अधिकाऱ्यानं लावू दिली. शेजारच्या टेबलवरच्या बाईला त्याच वर्षी रजा नाकारली गेली असेल तर? आणि मागच्या रांगेत माझ्यासारखा वार्ताहर वही घेऊन बसलेला असतो. आभार मानता मानता आपण मॅडमविरुद्ध जबाब दिला असता. 'साहेबांनी माझी बदली थांबवली', 'साहेबांनी माझी फाइल एका दिवसात काढली' ही सगळी त्याच जातीची वाक्यं. मी ती समारंभांत ऐकली आहेत आणि बोलणाऱ्याच्या भल्यासाठी बातमीतून गाळली आहेत. नियमाबाहेरचं सहकार्य माइकवर कधीच सांगू नये. ते सांगायची जागा वेगळी आहे, पुढे येतो त्याकडे.

तिसरं वाक्य मॅडमच्या दुःखाचं. ते खरं होतं. पण मॅडमनी ते 'कुणाला कळू दिलं नाही', असं त्या वाक्यातच लिहिलंय. तीन वर्षं जे त्यांनी झाकलं ते त्यांच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या मुलांसमोर, शाल अंगावर असताना आपण उघडं करायचं? वरिष्ठ माणूस त्या क्षणी अडकलेला असतो. उठून 'हे बोलू नका' म्हणता येत नाही. इथं माझं माप सरळ आहे. घरचं, आजारपणाचं, दुःखाचं जे त्या माणसानं स्वतः चारचौघांत सांगितलंय तेवढंच आपण चारचौघांत सांगायचं. एकट्याजवळ सांगितलेलं एकट्यापाशीच ठेवायचं.

'आईसारख्या' याबद्दल ताई जरा भांडल्या माझ्याशी. आपल्याकडे ही पद्धतच आहे, साहेब वडिलांसारखे, मॅडम आईसारख्या, हेडसर देवमाणूस. मनापासून असेल तर म्हणा, गुन्हा नाही. पण अडचण अशी की हे वाक्य पुष्कळांनी पुष्कळांबद्दल वापरून गुळगुळीत झालंय. त्यातून मॅडमनी काय केलं ते कळत नाही. शिवाय आई मुलांमध्ये डावं-उजवं करत नाही असं आपण मानतो, आणि हॉलमध्ये ज्याला मेमो मिळालाय तो मनात हसतो.

राहिलं चौथं वाक्य, खुर्चीचं. मी ताईंना विचारलं, खुर्चीचं काय नेमकं? मग त्या दहा मिनिटं बोलल्या. हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत म्हातारी माणसं सकाळपासून येऊन व्हरांड्यात जमिनीवर बसायची. मॅडमनी मीटिंग हॉलमधल्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. अर्ज परत करताना 'त्रुटी आहे' एवढं लिहू द्यायच्या नाहीत. कुठला कागद कमी आहे आणि तो कुठल्या कार्यालयात मिळतो, हे मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लावायच्या. म्हातारी परत फेरी मारणार असेल तर निदान एकच मारू दे, असं त्यांचं म्हणणं.

हेच भाषण होतं. ताईंनी शेवटी बोललं ते असं:

'मॅडम, तुमच्या हाताखाली मी तीन वर्षं काम केलं. पहिल्या महिन्यात मी एक अर्ज नुसतं त्रुटी लिहून परत केला होता. तुम्ही मला बोलावून विचारलंत, ही बाई आता इथून कुठं जाणार? मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून मी कागदाचं नाव आणि कार्यालयाचं नाव लिहायला लागले. आज तुम्ही चाललात, पण ती सवय माझ्या टेबलवर राहणार आहे. तुम्हाला पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा.'

दीड मिनिटाचं सुद्धा नाही. पण बघा, हे वैयक्तिक आहे की नाही? पूर्ण वैयक्तिक आहे. दुसरं कुणी हे भाषण करूच शकत नाही. आणि तरी त्यात मॅडमच्या घरातलं काही नाही, उपकाराची वसुली नाही, आणि हॉलमधला कुणीही, अगदी मेमोवाला सुद्धा, 'हो, असंच होतं' म्हणू शकतो. वरिष्ठाच्या निरोपात वैयक्तिकपणा असा कामातून यावा, असं माझं मत आहे. त्यांनी काय केलं, मी काय बघितलं आणि माझ्या कामात काय बदललं, या तीन गोष्टी सांगितल्या की पुरे.

बाळंतपणाची गोष्ट ताईंनी सोडली नाही. एका कागदावर हातानं लिहिली, पाकिटात घातली आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या घरी नेऊन दिली. हीच ती वेगळी जागा. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमचा ताईंवर काही अधिकार उरलेला नव्हता. त्यामुळे त्या पत्रात लिहिलेलं प्रेम हे प्रेमच होतं, त्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला ठेवू नका, पाकिटात द्या.

इथं निवृत्ती आणि बदली यातला फरक लक्षात घ्या. निवृत्त होणाऱ्याकडून तुम्हाला काही मिळायचं नसतं, म्हणून थोडं मोकळं बोललेलं खपतं. बदली होऊन जाणारा साहेब मात्र उद्या जिल्ह्याला तुमच्याच वरच्या खुर्चीत येऊ शकतो, आणि सरलेल्या वर्षाचा तुमचा अहवाल कदाचित अजून त्याच्याकडेच असतो. तिथं हात आखडता ठेवलेला बरा.

भेटवस्तूलाही हेच लागू. साहेबांना सोन्याची अंगठी द्यायची म्हणून शिपायाकडून हजार रुपये घेणं हा कुठला जिव्हाळा? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १४ आहे. खाजगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप चालतो, पण वर्गणीसाठी दबाव आणायचा नाही, आणि वरच्या वर्गातल्या अधिकाऱ्यासाठी तृतीय-चतुर्थ श्रेणीकडून वर्गणी गोळा करायचीच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या राज्याचे १९७९ चे नियम वेगळे आहेत, ते आस्थापना शाखेत मागून वाचा. पण यातला शहाणपणा समजायला केंद्राचा नियम पुरेसा आहे.

काहीजण म्हणतील, माणूस चाललाय आणि तुम्ही मोजमाप काय करताय? मनातलं येऊ द्या की. माझं म्हणणं, मनातलं येऊ द्याच. फक्त ते कुणाच्या मालकीचं आहे ते आधी बघा. तुमचा अनुभव तुमचा आहे, तो सांगा. त्यांचं दुःख त्यांचं आहे. आणि ज्याच्याशी तुमचं कधी पटलंच नाही त्याच्याबद्दल खोटं कौतुक करायची गरज नाही. कामातली एक खरी गोष्ट सांगा, शुभेच्छा द्या आणि खाली बसा. मला विचाराल तर अशी दोन मिनिटांची भाषणंच बातमीत जशीच्या तशी छापता येतात.

३१ तारखेला ज्यांना बोलायचंय त्यांनी आज रात्री साहेबांनी केलेलं एक काम आठवून कागदावर उतरवा. तुम्ही ऐकलेलं निरोपाचं एखादं चांगलं वाक्य आठवत असेल तर खाली लिहा. नावं मात्र लिहू नका.