एम्स सायबर हल्ला : बचावलेल्या बॅकअपचा आधार
नवी दिल्ली : नोव्हेंबर 2022 मधील सायबर हल्ल्यात येथील एम्सच्या पाच सर्व्हरवरील सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली आणि रुग्णनोंदणी कागदावर आली. ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. ती नव्या सर्व्हरवर उतरवूनही बहुतांश सेवा सुरू होण्यास दोन आठवडे लागले. अनेक संकेतस्थळांचा बॅकअप मात्र मूळ सर्व्हरवर, त्याच पासवर्डखाली असतो. हल्ल्यात तोही जातो. बिघडलेल्या अपडेटनंतर आदल्या रात्रीची प्रत पुरते. हल्ल्यानंतर तसे नसते. घुसखोर महिनाभर आधी शिरला असेल, तर कालच्या प्रतीतही त्याची चोरवाट शाबूत असते. त्यामुळे घुसखोरीपूर्वीची प्रत शोधून, पासवर्ड बदलून आणि मूळ त्रुटी बुजवूनच संकेतस्थळ पुन्हा खुले करावे लागते.