खोकणाऱ्याच्या तोंडाला मास्क

आजच्या गोष्टीतला कंडक्टर कल्पनेतला आहे, पण त्याची बस तुम्ही रोज बघता: संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून पैठणला निघणारी. 2023च्या मार्चपासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. चांगलंच झालं, पण गर्दी वाढली, गाड्या त्या मानानं वाढल्या नाहीत. थंडीमुळे खिडक्या बंद. तिकिटाचं मशीन सांभाळत, ‘पुढं सरका’ म्हणत आमचा कंडक्टर माणसांतून वाट काढतो आणि खोकतो. तिकीट देताना माणसाच्या तोंडापासून त्याचं तोंड जेमतेम हातभर लांब.

घाटी रुग्णालयातली एक नर्स त्याच गाडीत होती.

“दादा, किती दिवसांचा खोकला?”

“झाला असंल महिना. धुळीचा हाय.”

“मास्क लावा.”

“मला काय व्हायचं राहिलंय आता? तुम्हीच लावा की!”

गैरसमज इथेच आहे. मास्क म्हणजे स्वतःची ढाल, असं आपण धरून चालतो. खोकल्यातून उडणारे थेंब तोंडाशी मोठे आणि ओले असतात, तिथे साधा सर्जिकल मास्कही त्यातले बरेच अडवतो. तेच थेंब हवेत सुकून बारीक झाले की तरंगत राहतात आणि समोरच्याच्या सैल मास्कच्या कडेनं आत शिरतात. त्यांच्यापासून वाचायला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 लागतो. तो सगळ्या बसला कोण देणार?

दक्षिण आफ्रिकेत यावर एक प्रयोग झाला, 2012 साली तो प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडली. रुग्णांनी मास्क लावलेल्या दिवशी एका खोलीत, न लावलेल्या दिवशी दुसरीत. प्रत्येक खोलीत 90 प्राणी. मास्कविना 69 जणांना लागण झाली, मास्क असताना 36 जणांना. धोका जवळपास निम्म्यावर आला, पण संपला नाही. म्हणून थंडी असली तरी खिडक्या उघड्याच हव्यात.

कंडक्टरनं मास्क लावला खरा, पण ‘बिडकीन, बिडकीन’ ओरडताना तो हनुवटीवर आला. जोरात बोलताना थेंब जास्त उडतात, म्हणजे नेमका गरजेच्या वेळीच तो खाली. नर्सनं तो नाकावर चढवायला लावला, वरची तार चिमटीत दाबायला लावली, ओला झाला की बदलायला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी थुंकी तपासायला बोलावलं, कारण मास्क खोकला बरा करत नाही.

तपासणीत क्षय निघाला. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात. त्यानं महिनाभर दवाखाना टाळला, कारण ड्यूटी बुडाली की पगार कापला जाईल ही भीती. ती खोटी नव्हती. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या वाहकाला आगारानंच पगारी सुट्टी देऊन तपासणीला धाडलं पाहिजे. नुसते मास्क वाटून आगाराची जबाबदारी संपत नाही.