मऊ गार्ड देण्याआधी

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, पहिली भाकरी चावताना कानाजवळ ठणकते आणि दुपारपर्यंत सारे मोकळे होते. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या दवाखान्यांत ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. घरची माणसे सांगतात, ‘झोपेत दात खातात.’ रुग्ण लहान मूल असेल तर जंताचे औषध बहुधा आधीच देऊन झालेले असते. मग आपण अल्जिनेटचे माप घेतो, मऊ शीट तापवून गार्ड करतो आणि फाइल बंद करतो. या महिन्यात त्या मऊ गार्डबद्दलच बोलायचे आहे.

आधी निदान. झिजलेले दात हा दात खाण्याचा पुरावा असू शकतो, पण कधीच्या दात खाण्याचा, हे झीज सांगत नाही. शिवाय आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या आजींच्या दाढा दात न खाताही सपाट झालेल्या दिसतात. त्यामुळे वेदनेची वेळ विचारावी. सकाळी सर्वाधिक दुखत असेल तर झोपेतल्या स्नायूंच्या हालचालीवर संशय घ्यावा. संध्याकाळी वाढत असेल तर दिवसा दात आवळून धरण्याची सवय शोधावी, कारण तिथे रात्रीच्या गार्डचा उपयोग थोडाच होतो. चमकदार, समोरासमोर जुळणारे झिजेचे ठसे, जिभेच्या कडेवर दातांच्या खुणा आणि दाबल्यावर दुखणारा मॅसेटर, हे एकत्र मिळाले तर शंका बळावते.

उदाहरणादाखल आंबेगावच्या पूर्व पट्ट्यातला पंचेचाळिशीचा ऊस बागायतदार घेऊ. थ्री-फेज वीज रात्री असते त्या आठवड्यात तो पाण्याच्या पाळीवर जातो, त्यातही बिबट्याच्या धास्तीने कान टवकारलेले. झोप तुकड्यातुकड्यांनी होते. झोपेतले दात खाणे बऱ्याचदा अशा क्षणिक जागेपणाला जोडलेले असते, हे अभ्यासांतून दिसले आहे. याला मऊ गार्ड दिला. तीन आठवड्यांनी तो दाढांवर चावून भोके पडलेला गार्ड घेऊन आला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, जबडा आधीपेक्षा जास्त दुखतोय.’

यात नवल नाही. ओकेसन यांनी 1987 मध्ये दहा जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल मोजली. कडक स्प्लिंटने आठ जणांची हालचाल घटली. मऊने एकाचीच घटली आणि पाच जणांची वाढली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून सर्वांसाठी नियम काढू नये. पण आपल्या हाताचा अनुभवही तेच सांगतो: मऊ वस्तू दातांत आली की माणूस चावत राहतो. शिवाय मऊ गार्डवर बर चालत नाही, तो फाटतो. उंच संपर्क काढता येत नाही. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड तर खेळाडूंसाठी असतात, झोपेसाठी जाड पडतात. तीव्र दुखणे असताना चार दिवसांची सोय म्हणून मऊ गार्ड ठीक, त्यापुढे नाही.

या बागायतदाराला वरच्या सर्व दातांवर बसणारा कडक ॲक्रिलिकचा स्प्लिंट द्यावा. माप घेतल्यावर लगेच स्टोन ओतावा. अल्जिनेट तसाच पुण्याच्या लॅबला पाठवला तर वाटेत आकसतो. दाढांवर साधारण दोन मिलिमीटर जाडी पुरते. बसवताना आर्टिक्युलेटिंग पेपरने पाहावे: खालचे सर्व मागचे दात सारख्या जोराने टेकायला हवेत, आणि जबडा बाजूला सरकवला की सुळ्यांनी मागच्यांना सोडवायला हवे. इथे दिलेला अर्धा तास हाच खरा उपचार. फक्त पुढच्या दातांवरचे छोटे स्प्लिंट दीर्घकाळ देऊ नयेत. मागचे दात मोकळे राहून वर सरकतात आणि पुढे दातांत फट पडते, शिवाय गिळले जाण्याची भीती असते.

स्प्लिंट घालायचा तो रात्री नव्हे, झोपेत. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दुपारी झोपतो, तर दुपारी. धुवायला साधे थंड पाणी, ठेवायला डबी. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर स्प्लिंट वाकडा होतो. आठवड्याने पुन्हा बोलवावे. ॲक्रिलिकवर उमटलेले चकाकते पट्टे पाहून संपर्क पुन्हा जुळवावेत. दुखणे गेले आणि पट्टे पडतच राहिले, तर घाबरू नये: स्प्लिंट दात वाचवतो, दात खाणे थांबवतोच असे नाही. 2007 च्या कॉक्रेन आढाव्यालाही ते थांबते असे म्हणायला पुरेसा आधार सापडला नव्हता. चार-सहा आठवड्यांत दुखणे हलले नाही, तर सांध्याकडे आणि नैराश्यावरच्या गोळ्यांकडे पाहावे. सर्ट्रालाइन, एसिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांनी दात खाणे सुरू होऊ शकते.

एक प्रश्न मात्र माप घेण्याआधीच विचारावा, तोही शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला: हे घोरतात का, श्वास अडकतो का? उत्तर ‘हो’ असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर आधी झोपेच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवावे. झोपेत श्वास अडखळणाऱ्या दहा जणांवरच्या 2004 च्या एका छोट्या अभ्यासात वरच्या जबड्यावरच्या स्प्लिंटने निम्म्या जणांचा त्रास वाढला होता.