छातीच्या एक्स-रे रिपोर्टमधले तीन शब्द

चिपळूणच्या एका वाचक भगिनीने आम्हाला आपल्या अम्मींच्या छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट उतरवून पाठवला आहे. अम्मी बासष्ट वर्षांच्या. पाच दिवस ताप आणि खोकला होता, आणि दीर्घ श्वास घेतला की उजव्या बाजूला कळ यायची. रिपोर्टमध्ये लिहिले होते : ‘उजव्या लोअर झोनमध्ये होमोजिनस ओपॅसिटी, आत एअर ब्रॉन्कोग्राम, कन्सॉलिडेशन सूचित. उजवा कॉस्टोफ्रेनिक अँगल ब्लंट. माइल्ड प्लुरल इफ्युजन. क्लिनिकल कोरिलेशन करावे.’ डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होते. तोवर भाईजानने मोबाईलवर एकेक शब्द शोधला. कुठे टीबी निघाला, कुठे कॅन्सर. रात्रीपर्यंत अम्मींचे ताट-पेला वेगळा झाला आणि त्यांना काही सांगायचे नाही, असे ठरले. ‘या शब्दांचा खरा अर्थ काय?’ असे भगिनीने विचारले आहे. हा प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे आम्ही येथेच उत्तर देत आहोत.

आधी एक्स-रे कसा उमटतो ते पाहू. हवेतून किरण सहज पार जातात, म्हणून हवेने भरलेले फुफ्फुस फिल्मवर काळे दिसते. हाड किरणांना अडवते, म्हणून ते पांढरे दिसते. पाणी, पू, रक्त आणि मांस यांची छटा या दोहोंच्या मधली, पण काळ्या फुफ्फुसाशेजारी ती पांढरीच वाटते. जिथे काळे असायला हवे तिथे पांढरट दिसले, की त्याला ओपॅसिटी म्हणतात. म्हणजे हे एका सावलीचे वर्णन आहे, आजाराचे नाव नाही. न्यूमोनियाची सावली ओपॅसिटीच, जुन्या बऱ्या झालेल्या जखमेचा वण ओपॅसिटीच आणि गाठही ओपॅसिटीच. इतकेच काय, खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी किंवा गळ्यातला धातूचा ताईतसुद्धा सावली पाडतो. म्हणूनच फिल्म काढताना दागिने व ताईत बाजूला ठेवायला आणि केस वर बांधायला सांगतात. श्वास पूर्ण भरून रोखला नाही, तरी फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरट दिसतो.

‘लोअर झोन’ म्हणजे फिल्मवर फुफ्फुसाचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन पट्टे कल्पिले, तर त्यांतला खालचा. फिल्म पाहताना रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे समजायचे. त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. घरी फिल्म खिडकीसमोर धरणारे येथेच चुकतात.

दुसरा शब्द कन्सॉलिडेशन. ओपॅसिटीपेक्षा हा अधिक नेमका आहे. फुफ्फुस पावासारखे सच्छिद्र असते. पावाचा तुकडा चहात बुडवला, तर त्याचा आकार तोच राहतो, पण छिद्रांतल्या हवेची जागा चहा घेतो. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू किंवा द्रवाने अशाच भरल्या, की तो भाग घट्ट, पांढरा दिसतो. त्यातून जाणाऱ्या श्वासनळ्यांत मात्र हवा शिल्लक असते. पांढऱ्या भागात त्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या उमटतात. यालाच एअर ब्रॉन्कोग्राम म्हणतात. हा वेगळा आजार नव्हे. पिशव्या भरल्या आहेत आणि नळ्या बहुधा मोकळ्या आहेत, याची ती खूण आहे. चार-पाच दिवसांचा ताप आणि खोकला असताना असे दिसले, तर कारण बहुतेक वेळा न्यूमोनिया असते. पण टीबीनेही कन्सॉलिडेशन होते, आणि क्वचित कॅन्सरनेही. फिल्म पाहणाऱ्याला पिशव्या भरलेल्या दिसतात. कशाने भरल्या ते सावलीवरून सांगता येत नाही. म्हणून तो ‘सूचित’ लिहितो आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन’ मागतो, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ताप, छातीचे आवाज, रक्त आणि थुंकी यांच्याशी हे ताडून पाहावे.

तिसरा शब्द इफ्युजन. येथे पाणी फुफ्फुसाच्या आत नसते, बाहेर असते. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असते आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरे. त्यांच्यामध्ये फक्त ओलाव्यापुरता द्रव असतो. तो वाढला की इफ्युजन. उभ्या माणसात पाणी तळाशी साठते. तिथे बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामध्ये जो टोकदार कोपरा असतो, तोच कॉस्टोफ्रेनिक अँगल. तो बोथट दिसला तर ‘ब्लंट’ लिहितात. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये हा कोपरा भरलेला दिसायला साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी साचावे लागते. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये पाणी पाठीमागे पसरते आणि सहज नजरेतून सुटते. पाणी किती आणि कसे आहे, हे छातीच्या सोनोग्राफीत अधिक चांगले कळते.

न्यूमोनियाच्या बाजूला थोडे पाणी होणे नेहमीचे आहे आणि ते बहुधा औषधांनी ओसरते. मात्र औषधे सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप उतरत नसेल किंवा दम वाढत असेल, तर त्या पाण्याचा पू झाला असेल अशी शंका घ्यावी लागते. मग सुईने पाणी काढून तपासतात आणि पू असल्यास नळी घालून तो बाहेर काढतात. न्यूमोनिया नसताना पाणी आढळले, तर टीबी, हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि कॅन्सर यांचा विचार करावा लागतो.

अम्मींचे पुढे काय झाले, तेही भगिनीने कळवले आहे. थुंकीच्या तपासणीत टीबी आढळला नाही. सोनोग्राफीत पाण्याचा पातळ थर होता, सुई घालण्याइतका नव्हता. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी ताप गेला. दहाव्या दिवशी अम्मी पुन्हा स्वयंपाकघरात होत्या, आणि ‘आता कशाला पैसे घालवायचे?’ म्हणत दुसरा एक्स-रे टाळत होत्या.

येथे मात्र आमचा आग्रह आहे. माणूस आधी बरा होतो, सावली मागाहून जाते. न्यूमोनियाची सावली विरायला सहा आठवडे, उतारवयात त्याहूनही जास्त लागू शकतात. म्हणून आठव्या दिवशीच्या फिल्ममध्ये ती दिसली, तर घाबरू नये. पण पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी सुमारे सहा आठवड्यांनी फिल्म पुन्हा काढावीच. सावली तशीच असेल, तर तिच्यामागे दुसरे काही आहे का, हे सीटी स्कॅन किंवा अन्य तपासण्यांनी पाहतात. हे पाहायचे राहून गेले, तर महिने हातचे जातात. अम्मींनी अखेर फिल्म काढली. ओपॅसिटी गेली होती, कोपरा किंचित बोथट होता. असा बोथटपणा आवरण जाड झाल्यामुळे कायमही राहू शकतो. पुढे कधी एक्स-रे काढला तर जुनी फिल्म सोबत न्यावी, म्हणजे ही खूण नवी नाही हे लगेच कळते.

आणि त्या वेगळ्या ताटाविषयी. टीबी निघाला असता, तरी तो खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताट-पेल्यातून नाही. तोंडावर रुमाल, उघडी खिडकी आणि थुंकीची तपासणी यांचा उपयोग होतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. श्वास घेताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, थुंकीत रक्त पडणे किंवा म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काही दिसले तर मात्र रिपोर्टचे शब्द उलगडत बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा.