‘व्यायाम कर’ म्हणजे नेमकं किती?

“जरा व्यायाम करत जा.” रात्री छातीत धडधडतं, मीटिंगच्या आधी तळहात ओले होतात, असं कुणालाही सांगा, हे वाक्य येतंच. काका म्हणतात, फॅमिली डॉक्टर म्हणतात, रीलमधला दंड फुगवलेला दादाही म्हणतो. माझं भांडण या वाक्याशी आहे. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. गोळी देताना किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती आठवडे, सगळं लिहून मिळतं. व्यायामाची मात्रा विचारा, उत्तर येतं “रोज थोडं चालायचं”. किंवा मग ते दहा हजार पावलांचं तुणतुणं. तो आकडा लोकप्रिय केला जपानमध्ये १९६५ साली विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या एका यंत्राने. यंत्राच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. तुमच्या धडधडीचा त्यात कुणी विचार केला नव्हता.

खरं तर मात्रा मोजून पाहिलेली आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिप्रेशन असलेल्या ८० जणांचे गट केले. काहींना सर्वसाधारण आरोग्यासाठी सांगतात तेवढा व्यायाम, काहींना त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि काहींना नुसतं स्ट्रेचिंग. बारा आठवड्यांनी पुरेसा व्यायाम केलेल्यांची लक्षणं जवळपास निम्म्याने उतरली होती. कमी मात्रेवाले मात्र स्ट्रेचिंगवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. आठवड्याचा तोच व्यायाम तीन दिवसांत केला की पाच दिवसांत, याने फरक पडला नाही. म्हणजे “रोज थोडं” या सल्ल्यातला ‘रोज’ बिनमहत्त्वाचा आणि ‘थोडं’ अपुरं!

भीतीचं गणित मात्र वेगळं आहे. पॅनिकमध्ये अर्धी भीती धडधडीचीच असते. हृदय जोरात पळतंय, म्हणजे काहीतरी होणार. या विचाराने ते आणखी पळतं. आता धावताना काय होतं? तेच. धडधड, घाम, धाप. फक्त ती तुम्ही मुद्दाम आणलेली असते आणि थांबल्यावर आपोआप ओसरते. मेंदूला हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळालं की धडधड म्हणजे संकट हे समीकरण सैल पडतं. २००४ सालच्या एका प्रयोगात यासाठी ट्रेडमिलवर वीस-वीस मिनिटांच्या फक्त सहा खेपा पुरल्या, त्याही दोन आठवड्यांत. मात्र शरीरातल्या अशा खुणांची भीती जोरात पळणाऱ्यांचीच कमी झाली, सावकाश चालणाऱ्यांची नाही.

माझी रूममेट याच ठिकाणी फसली होती. ईसीजी नॉर्मल, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जिना चढून धाप लागली की तिला वाटायचं, आता अटॅक येणार. म्हणून ती जिनेच टाळायची. कुणीतरी डिवचलं म्हणून एका सकाळी टेकडीवर जीव तोडून धावली, अर्ध्यावर बसली, रडली, आणि महिनाभर बूट बाहेर काढले नाहीत. पहिल्याच दिवशी झेपेल त्यापलीकडे गेलं की धावताना वाईटच वाटतं, आणि मनात तेवढंच उरतं. दुसऱ्यांदा तिने वेगळं केलं. एक दिवसाआड वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालली. तिसऱ्या आठवड्यापासून मधेमधे एकेक मिनिट धावली, तीन-चार शब्दांत दम लागेल इतकं, आणि धडधड पूर्ण ओसरेपर्यंत उभी राहिली. निघताना आणि परतल्यावर वीस मिनिटांनी ती शून्य ते दहामध्ये घाबरेपणाचा आकडा फोनमध्ये टिपायची.

आधी सात, नंतर चार, हे तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं. पण तो उतार काही तासांचा असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. इथेच बहुतेक लोक “काही उपयोग नाही” म्हणून सोडतात. बघायचा असतो तो निघतानाचा आकडा. तिचा तो सातवरून पाचवर यायला सात आठवडे लागले. आणि तिला स्वतःला फरक जाणवला तो लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर पोचल्यावर. धाप लागली होती, आणि ती किल्ली शोधत होती.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. “गोळ्या सोड, धावायला लाग.” पॅनिकच्या रुग्णांमध्ये धावणं आणि क्लोमिप्रामिन हे औषध यांची दहा आठवडे तुलना झाली, १९९८ साली. धावण्याचा उपयोग झाला, पण औषध लवकर आणि जास्त लागू पडलं. रूममेटच्या गोळ्याही चालूच होत्या, त्या डॉक्टरांनीच पुढे हळूहळू कमी केल्या. आणि श्रम करताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर वीस मिनिटांचा हा हिशोब बाजूला ठेवून आधी हृदय तपासून घ्या.

बाकी पुढच्या वेळी काकांनी सुचवलं, तर त्यांना एवढंच विचारा: आठवड्याला किती मिनिटं, किती धाप लागेपर्यंत, आणि किती आठवडे?