मत हे बक्षीस नव्हे

निवडणूक जवळ आली की बडोद्यातल्या घडियाळी पोळच्या ओट्यांवर एक मत हमखास ऐकू येते : कर भरणाऱ्या आणि शिकलेल्या माणसालाच मताचा हक्क असावा, सरसकट सर्वांना देऊन देश चुकला. बोलणारी माणसे वाईट नसतात. पण त्यांना हवा असलेला प्रयोग या देशात होऊन गेला आहे.

1935 च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मताचा हक्क जमीनमहसूल, कर आणि शिक्षणाशी बांधला. सुमारे तीन कोटी लोकांनाच मत मिळाले. मिठावरचा कर भूमिहीन मजूरही भरत होता, तरी मतदार यादीत त्याचे नाव नव्हते. म्हणजे कसोटी कर भरण्याची नव्हती, मालमत्तेची होती. आज साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी मोलकरीणही करदातीच आहे.

बायकांसाठी त्या कायद्याने वेगळी वाट काढली. पुरेशी मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा मतदार होऊ शके. नवरा गरीब असला, तर ही वाट बंद होई. हे देशातील प्रमुख महिला संघटनांना मान्य नव्हते. 1931 मध्येच त्यांनी सर्व प्रौढांना समान मताधिकार मागितला होता. त्यांतील अखिल भारतीय महिला परिषदेच्या 1927 च्या पुण्यातील पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या.

आता शिक्षणाची अट. 1917 मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आलेल्या आणि अस्पृश्यतेमुळे शहर सोडावे लागलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1929 मध्ये तिचा समाचार घेतला. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो आणि साक्षराला हमखास अधिक समज असते, ही दोन्ही गृहीतके त्यांनी चुकीची ठरवली. ज्याला शाळेच्या दारातून हाकलले, त्यालाच शिक्षण नाही म्हणून मत नाकारायचे, तर अन्याय करणाराच न्यायाधीश होतो. मत हे शहाणपणाचे बक्षीस नसून दुबळ्याचे संरक्षण आहे.

संविधानाने संपत्ती, शिक्षण आणि लिंग यांच्या अटी काढल्या. मतदानाचे वय आधी 21 होते; 1989 मध्ये 61 वी घटनादुरुस्ती लागू झाल्यावर ते 18 झाले.

पण कायद्याने दिलेला हक्क यादीत हरवू शकतो. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख बायकांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी वगळल्या. हक्क होता, मतदान झाले नाही.

म्हणून ओट्यावर वाद घालण्यापूर्वी मतदार यादी उघडा. सासरी आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच यादीत असेल, तर फॉर्म 8 भरून ते इकडे आणा. अठरा पूर्ण झालेल्या मुलीसाठी फॉर्म 6 भरा. मतदार कोण असावा हा प्रश्न संविधानाने निकाली काढला आहे; त्याचे नाव यादीत आहे ना, हे पाहणे आपले काम आहे.