भाव पेजवर बघा, मिरची दुकानात येऊन बघा



लालबागच्या आमच्या दुकानात पाडव्याच्या सुमारास मिरचीची पोती उघडतात आणि मे संपेपर्यंत डंखाचा आवाज थांबत नाही. पूर्वी या दिवसांत चाळीतल्या बायका सकाळी जिन्यावरूनच विचारायच्या, "काय हो, बेडगी काय भाव?" आता त्यातल्या कितीतरी जणी बदलापूरला, विरारला, डोंबिवलीला गेल्या. गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, पण मसाल्याला मात्र त्या करी रोडलाच उतरतात. गाडीत दीड तास उभं राहून आल्यावर कळतं, की आज संकेश्वरी संपलीय, नाहीतर डंखावर चार तासांची रांग आहे. त्यांचा तो हेलपाटा वाचावा म्हणून यंदा दुकानाचं फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पेज काढलंय. ते माझी सून बघते. मी फक्त पाटी लिहितो.

पेजवर काय असेल ते सांगतो. रोज सकाळी साडेनऊला दारातल्या काळ्या पाटीचा फोटो. पाटीवर वर तारीख आणि खाली बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी, धणे यांचा किलोचा भाव. शेवटच्या ओळीत डंखावर आज किती वाट बघावी लागेल. एवढंच. इन्स्टाग्रामवर हा फोटो स्टोरीत टाकणार, म्हणजे चोवीस तासांनी तो आपोआप जाईल. हे मुद्दाम केलंय. गेल्या वर्षी कुणीतरी आमच्या पाटीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तो महिनाभर फिरत राहिला आणि लोक तो भाव दाखवून माझ्याशी भांडले. तेव्हा तारीख नसलेला फोटो आला तर तो माझा समजू नका.

भाव वाचताना एक गोष्ट बघत जा. देठासकट की देठ काढलेली, हे पाटीवर लिहिलेलं असतं. समजा, देठासकट बेडगी ४०० रुपये आणि देठ काढलेली ४४० रुपये. पहिली स्वस्त वाटते. पण किलोभर मिरचीचे देठ खुडले की शंभरेक ग्रॅम कमी होतं, म्हणजे ४०० रुपयांत तुमच्या हाती ९०० ग्रॅम राहते. हिशेब केला तर किलोला ४४४ रुपये पडले. वर दुपारभर खुडत बसायचं आणि बोटांची आग व्हायची ती वेगळीच. तरी आमच्या जुन्या मावश्या देठासकटच घेतात, कारण देठ ओढला की मिरची किती वाळलीय ते त्यांना कळतं. त्यांचंही बरोबर आहे.

आणि इथेच पेजची मर्यादा येते. मिरचीचा रंग फोनवर बघून ठरवू नका. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो वेगळा आणि दारातल्या उन्हात काढलेला वेगळा. काही फोन तर लाल रंग आपणहून भडक करतात. मिरची ओळखायची ती हातात घेऊन. कानाशी धरून हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत. वाकवली की चुरचुरत तुटली पाहिजे. चामड्यासारखी वाकत राहिली तर ओल आहे, मग ती पाणी मारून वजन वाढवलेली असो की नीट न वाळवलेली. एक फोडून आत बघा. बिया काळपट असतील किंवा आतून पांढरी बुरशी दिसली तर ती घेऊ नका, मग ती माझ्या दुकानातली का असेना. आणि बेडगीला सुरकुत्या असतात. गुळगुळीत, चकचकीत मिरची बेडगी म्हणून दाखवली तर विचारा, कुठली आहे? बेडगीचा रंग गडद, तिखटपणा कमी. झणका हवा तर तिच्यात संकेश्वरी किंवा लवंगी घालावी लागते. नुसत्या लवंगीचा मसाला रंगाला फिका आणि तोंडाला जाळणारा होतो.

सून अधूनमधून छोटे व्हिडिओ टाकणार आहे. पहिला कांडल्यानंतरच्या मसाल्याचा, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. डंखातून निघालेला मसाला हाताला चांगला गरम लागतो. घाईत तो तसाच पिशवीत बांधून घरी नेला, तसाच बरणीत भरला, की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात जाळी लागते. म्हणून घरी गेल्याबरोबर पिशवी उघडा, कागदावर पसरा, पूर्ण गार झाला की कोरड्या बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे दोन खडे ठेवा.

पेजवर काय होणार नाही, तेही ऐका. आम्ही पेजवर पैसे घेणार नाही. आगाऊ नाही, "बुकिंगसाठी थोडे" नाही, "पाडव्याची खास सवलत, आजच भरा" असलं काही नाही. डंखाचा नंबर लावायचा तर दुकानाच्या जुन्या फोनवर आदल्या संध्याकाळी सांगा, पैसे काउंटरवर माल मोजून झाल्यावर. मागे आमच्या एका जुन्या काकींना आमच्याच पाटीचा फोटो लावलेल्या एका पानावरून निरोप आला, घरपोच मालवणी मसाला, अडीच हजार रुपये. त्यांनी भरले. मसाला आलाच नाही. मग "पैसे परत देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणून फोन आला. तेवढं त्यांनी केलं नाही, नातवाने हात धरला. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. असं कुणाचं झालं तर लाज न बाळगता लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडकवून धरता येण्याची शक्यता जास्त.

आमचं पेज खरं कुठलं? काउंटरच्या काचेला आतून चिकटवलेला कोड स्कॅन केलात की तेच उघडेल, दुसरं नाही. नाव शोधून जाऊ नका, एकसारखी नावं निघतात. तरी शंका आली तर फेसबुकवर पेजच्या माहितीत ते कधी सुरू झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं, हे दिसतं. मसाल्याचं पेज म्हणून आलेलं पान आधी मोबाइलच्या कव्हरचं असेल, तर समजून घ्या.

एक शब्द वहीबद्दल. तुमच्या घरचं प्रमाण, कुणाचं दगडफूल जास्त, कुणाची खसखस वगळलेली, ते आमच्या वहीत आहे. त्याचा फोटो पेजवर येणार नाही. कुणी विचारलं तरी दुसऱ्याच्या घरचं प्रमाण सांगणार नाही. तुमचाही फोटो विचारल्याशिवाय काढणार नाही, रांगेत उभं असताना घामाने चिंब झालेल्या कुणालाच फोटो नको असतो.

ज्यांच्याकडे असला फोन नाही, त्यांच्यासाठी पाटी दारात आहेच आणि जुना फोन मीच उचलतो. पेजचा पहिला भाव पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लागेल. पाडव्याला दुकान दुपारी एकपर्यंतच उघडं आहे आणि त्या दिवशी डंख बंद. विरार-बदलापूरहून येणाऱ्यांनी त्या दिवशी कृपया निघू नये.